स्लीप स्टडीचा रिपोर्ट एका पानाच्या तक्त्यात कसा आणायचा

स्लीप स्टडीचा रिपोर्ट आला की बहुतेक घरात एकच प्रकार होतो, सात-आठ पानं चाळायची, रंगीत रेघा बघून काही कळत नाही म्हणून शेवटचं पान काढायचं, तिथे "सीव्हिअर ओएसए", म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबण्याचा तीव्र आजार, असं वाचून टेन्शन घ्यायचं आणि फाईल कपाटात टाकायची. आणि मग ईएनटीवाले विचारतात, भूलतज्ज्ञ विचारतात, इन्शुरन्सवाला विचारतो, आणि प्रत्येकाला तीच आठ पानं व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, तीही तिरक्या फोटोत. त्यापेक्षा एका पानाचा साधा तक्ता करून ठेवलेला बरा: श्वास किती वेळा थांबला, ऑक्सिजन किती वेळा आणि किती खाली गेला, आणि त्याची ग्रेड काय. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये बेरीज-भागाकार येत असेल तर एवढं पुरतं. आपण फक्त आकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी नीट मांडतोय, निदान डॉक्टरच करणार.

समजा हा एका ५२ वर्षांच्या काकांचा रिपोर्ट आहे, रात्रभर लॅबमध्ये झोपवून केलेली टेस्ट. आकडे मी समजवण्यापुरते घेतलेत पण छापील रिपोर्टमध्ये साधारण असेच दिसतात, फक्त तिथे ते पाच वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात:

```
Total Recording Time (TRT)   456.0 min
Total Sleep Time (TST)       312.0 min
Obstructive Apneas           58
Central Apneas               5
Mixed Apneas                 3
Hypopneas                    98
RERAs                        21
AHI                          31.5 /hr
RDI                          35.6 /hr
Longest Apnea                54 sec
Desaturations (>=3%)         151
ODI                          29.0 /hr
Mean SpO2                    92 %
Lowest SpO2                  74 %
Time below 90%               41.5 min
```

आधी वेळ पकडा, आकडे नंतर

नवखा माणूस थेट एएचआयवर उडी मारतो. नका मारू. आधी वर दिलेल्या पहिल्या दोन ओळी बघा. ४५६ मिनिटं मशीन चालू होतं, त्यातली ३१२ मिनिटं काका खरंच झोपले होते. उरलेला वेळ म्हणजे डोक्याला वायरी, नाकात नळी, बोटाला क्लिप, अनोळखी बेड, कोणाला झोप लागणार सांगा. एएचआय म्हणजे दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला ते, आणि तो तास झोपेचा धरायचा, मशीन चालू असल्याचा नाही.

फरक किती पडतो बघा. काकांचे सगळे मिळून १६४ प्रसंग आहेत. ३१२ मिनिटं म्हणजे ५.२ तास, तर १६४ भागिले ५.२, उत्तर ३१.५, म्हणजे तीव्र. तेच जर ४५६ मिनिटांनी, म्हणजे ७.६ तासांनी भागलं तर २१.६ येतं, म्हणजे मध्यम. माणूस तोच, रात्र तीच, ग्रेड वेगळी. म्हणून तक्त्यात एएचआयच्या शेजारी "कशाने भागलं" हा कॉलम हवाच, तो नसला तर तक्ता करण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी नेऊन केलेल्या टेस्टमध्ये मात्र बऱ्याचदा डोक्याच्या वायरी नसतातच, त्यामुळे माणूस कधी झोपला ते मशीनला नीट कळत नाही, मग नाइलाजाने रेकॉर्डिंगच्या वेळेनेच भागतात. त्या आकड्याला खरं तर आरईआय म्हणायचं, पण कितीतरी रिपोर्टवर तिथेही एएचआयच छापलेलं असतं. अशा वेळी तक्त्यात "घरची टेस्ट, रेकॉर्डिंगच्या वेळेने भागलेलं" असं लिहा. घरच्या टेस्टचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, कारण जागं असलेला वेळही भागाकारात धरला जातो, शिवाय झोप मोडल्यामुळे मोजले जाणारे प्रसंगही त्यात पकडता येत नाहीत.

आता टायपिंगची गंमत. काही रिपोर्टवर झोपेचा वेळ 5:12 असा छापलेला असतो, म्हणजे ५ तास १२ मिनिटं. लोक शीटमध्ये 5.12 टाकतात. ५ तास १२ मिनिटं म्हणजे ५.२ तास, ५.१२ नाही! काकांच्या केसमध्ये फार बिघडत नाही, ३१.५ च्या जागी ३२ येईल. पण समजा प्रसंग १६४ ऐवजी १५४ असते तर बरोबर उत्तर २९.६, म्हणजे मध्यम, आणि चुकीचं उत्तर ३०.१, म्हणजे तीव्र. आणि 5:12 जसंच्या तसं टाकलं तर शीट त्याला घड्याळाची वेळ समजतं, म्हणजे दिवसाचा एक हिस्सा, आणि भागाकार केला की एएचआय ७५७ दिसतो. ही चूक लगेच कळते तरी. सरळ मिनिटांत लिहा आणि शीटलाच ६० ने भागू द्या.

श्वासाचे थांबे

आता चार ओळी उतरवायच्या. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे छाती-पोट श्वास ओढायला धडपडतंय पण घसा बंद झालाय म्हणून हवा जात नाही. सेंट्रल म्हणजे मेंदूकडूनच श्वास घे असा निरोप आला नाही, धडपडही नाही. मिक्स्ड म्हणजे सुरुवात सेंट्रलने आणि शेवट ऑब्स्ट्रक्टिव्हने. या तिन्हींत हवेचा प्रवाह निदान ९० टक्के पडलेला आणि कमीत कमी १० सेकंद तसाच राहिलेला असतो. चौथा हायपोप्निया, यात श्वास पूर्ण थांबत नाही, उथळ होतो, प्रवाह ३० टक्के किंवा जास्त पडतो, तोही १० सेकंद तरी, आणि सोबत ऑक्सिजन उतरावा लागतो किंवा झोप मोडावी लागते.

या चार ओळी एकत्र करून "एकूण १६४ थांबे" एवढंच लिहायचा मोह होतो. करू नका. काकांचे ५८ ऑब्स्ट्रक्टिव्ह आणि ५ सेंट्रल आहेत म्हणून ठीक आहे, पण एखाद्याचे सेंट्रल ६० निघाले तर डॉक्टरांचा विचारच वेगळ्या दिशेला जातो, हृदय कसं आहे, झोपेच्या किंवा वेदनेच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत वगैरे. बेरजेत हे दडपलं जातं. म्हणून चार ओळी वेगळ्या आणि पाचवी बेरजेची.

आणि त्या १६४ मध्ये आरईआरए घालायचे नाहीत. ते २१ प्रसंग म्हणजे श्वासाला जोर पडून झोप मोडली पण हायपोप्नियाच्या नियमात बसलं नाही. ते धरून जो आकडा येतो तो आरडीआय, १८५ भागिले ५.२, म्हणजे ३५.६. रिपोर्टवर हे दोन्ही आकडे बऱ्याचदा खालीवर छापलेले असतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो, मोठा दिसतो म्हणून किंवा ठळक छापलाय म्हणून. ग्रेडसाठी आपण एएचआय घेतोय तर तोच घ्यायचा.

हायपोप्निया कुठल्या नियमाने मोजला?

ही गोष्ट रिपोर्टमध्ये कुठेतरी तळटीपेत नाहीतर पद्धतीच्या परिच्छेदात बारीक अक्षरात असते, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या नियमपुस्तकात २००७ साली हायपोप्नियासाठी ऑक्सिजन ४ टक्के उतरायला हवा हा शिफारस केलेला नियम होता, २०१२ मध्ये तो ३ टक्के उतरला किंवा झोप मोडली तरी चालेल असा झाला. ४ टक्केवाला नियम तरी गेला नाही, तोही वापरात आहे. म्हणजे एकाच रात्रीचा हायपोप्नियाचा आकडा नियमाप्रमाणे बदलतो.

काकांचे ९८ हायपोप्निया ३ टक्के किंवा झोपमोड या नियमाने आहेत. तेच ४ टक्क्यांच्या नियमाने मोजल्यावर समजा ५१ च उरले, तर एकूण ११७, आणि एएचआय २२.५. परत तीव्रचं मध्यम झालं. आता विचार करा, काकांनी दोन वर्षांनी दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केली, तिथे ४ टक्के वापरतात, आकडा २२ आला आणि सगळे खूश, वजन कमी केल्याचा फायदा झाला म्हणून. झाला असेलही, पण या दोन आकड्यांवरून ते म्हणता येत नाही.

रिपोर्टमध्ये नियम सापडत नसेल तर लॅबला फोन करा, लाजायचं काही कारण नाही. संवाद एवढाच असतो:

"मॅडम, तुमच्याकडे हायपोप्निया ३ टक्क्यांवर मोजतात की ४?"

"थांबा हं, सॉफ्टवेअरचं सेटिंग बघून सांगते... ३ टक्के किंवा अराउजल."

झालं. अराउजल म्हणजे झोपमोड. तक्त्यात एक ओळ टाका. आणि फोनवरही कळलं नाही तर "नियम रिपोर्टमध्ये दिलेला नाही" असं सरळ लिहा, स्वतःच्या मनाने भरू नका.

ऑक्सिजनचे डिप

इथे चार आकडे पुरे होतात: किती डिप, तासाला किती, सगळ्यात खाली किती, आणि ९० च्या खाली किती वेळ. सरासरी हवी तर टाका पण ती फसवी असते, काकांची सरासरी ९२ आहे, ऐकायला काय वाईट आहे? पण त्याच रात्री १५१ वेळा ऑक्सिजन खाली गेलाय आणि एकदा ७४ ला टेकलाय.

तासाला किती डिप हा ओडीआय, १५१ भागिले ५.२, म्हणजे २९. इथेही ३ टक्क्यांचा डिप धरलाय की ४ टक्क्यांचा ते लिहायचंच. ओडीआय आणि एएचआय सारखे असायला हवेत असं नाही. काही हायपोप्नियात ऑक्सिजन फारसा उतरत नाही, नुसती झोप मोडते, म्हणून ओडीआय थोडा कमी येणं नॉर्मल आहे. पण ओडीआय ६० आणि एएचआय १२ असलं काही दिसलं तर आधी आपण आकडा बरोबर उतरवलाय ना ते बघा, आणि बरोबर असेल तर डॉक्टरांना त्यावर बोट ठेवून विचारा.

सगळ्यात कमी ऑक्सिजनचा आकडा उचलण्याआधी ग्राफ बघा, प्लीज. बोटाची क्लिप सरकली, काका कुशीवर वळले आणि हात दबला, की मशीन ५२ टक्के वगैरे काहीही दाखवतं आणि सॉफ्टवेअर तोच आकडा उचलून सारांशात छापतं, टेक्निशियनने तो भाग काढला नसेल तर. खरा डिप ओळखायचा कसा? ऑक्सिजनची रेघ हळूहळू उतरते, श्वास सुरू झाला की भराभर वर येते, आणि असं एकामागोमाग होत राहतं, करवतीच्या दात्यांसारखं. शिवाय डिप हा श्वासाच्या थांब्यानंतर काही सेकंदांनी दिसतो, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. क्लिप सरकल्याची रेघ मात्र सरळ खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते, तिथेच सपाट राहते किंवा तुटते, आणि तशीच सरळ वर येते, आसपास श्वासाचा थांबाही नसतो. तसं वाटलं तर आकडा खोडू नका, पुढे "ग्राफ बघता क्लिप सरकल्यासारखं दिसतं, लॅबकडून खात्री करावी" असं लिहा. खोडायचा अधिकार आपला नाही.

९० च्या खालचा वेळ मिनिटांत लिहा. काकांची ४१.५ मिनिटं झोपेच्या वेळेच्या हिशेबाने १३.३ टक्के होतात आणि रेकॉर्डिंगच्या हिशेबाने ९.१, रिपोर्ट कधी हे छापतात कधी ते, मिनिटं मात्र बदलत नाहीत. या ओळीला आणखी एक महत्त्व आहे. एखाद्याचे डिप मोजकेच असतात पण अर्धी रात्र ऑक्सिजन ८८ वर बसून असतो, फुप्फुसाचा जुना आजार किंवा खूप वजन असलेल्यांत असं दिसू शकतं. तिथे एएचआय सौम्य येईल आणि तरी डॉक्टर काळजीत असतील, ते या एका ओळीमुळे.

ग्रेड

मोठ्यांसाठी ग्रेड फक्त एएचआयवर आहे, १९९९ पासून जे टप्पे चालत आलेत तेच: ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. शीटमध्ये मिनिटं `B2` मध्ये आणि चार प्रकारचे प्रसंग `B3` ते `B6` मध्ये असतील तर एएचआयसाठी `B7` मध्ये आणि ग्रेडसाठी `B8` मध्ये हे टाका:

```
B7:  =SUM(B3:B6)/(B2/60)
B8:  =IF(B7<5,"नॉर्मल",IF(B7<15,"सौम्य",IF(B7<=30,"मध्यम","तीव्र")))
```

बरोबर ३० आला तर काही ठिकाणी त्याला तीव्र धरतात, त्या बाबतीत रिपोर्टवर डॉक्टरांनी लिहिलेलं घ्या. आकडे इंग्रजी अंकांतच टाका, मराठी अंक टाकले तर शीट त्यांना अक्षरं समजून बेरजेतून वगळू शकतं. आणि "5-15" असं टप्प्याचं नाव लिहिताना आधी एक `'` टाका, नाहीतर शीट कधीकधी त्याची तारीख करून टाकतं.

ऑक्सिजनवरून स्वतःची वेगळी ग्रेड बनवू नका, लाल-पिवळा-हिरवा रंगही नको. ७४ टक्के बघून लोक "अतितीव्र" असा शब्द तयार करतात, तसली ग्रेड या टप्प्यांत नाही. ऑक्सिजनचे आकडे शेजारी उघडे ठेवायचे, वाचणारा डॉक्टर बघेल. लहान मुलांचा रिपोर्ट असेल तर हे टप्पे लावायचेच नाहीत, त्यांचे खूप खालचे असतात, मुलाला एएचआय ४ असेल तर या सूत्राने "नॉर्मल" येईल आणि ते चूक आहे.

आता काकांचा तक्ता असा होतो:

| काय | आकडा | कशाने मोजलं / भागलं |
|---|---|---|
| टेस्ट | लॅबमध्ये, रात्रभर, सीपॅप न लावता | |
| प्रत्यक्ष झोप | ३१२ मिनिटं | रेकॉर्डिंग ४५६ मिनिटं |
| श्वास थांबला, घसा बंद | ५८ वेळा | ऑब्स्ट्रक्टिव्ह |
| श्वास थांबला, धडपड नाही | ५ वेळा | सेंट्रल |
| श्वास थांबला, आधी धडपड नाही, मग घसा बंद | ३ वेळा | मिक्स्ड |
| श्वास उथळ झाला | ९८ वेळा | हायपोप्निया, ३ टक्के किंवा झोपमोड |
| एकूण | १६४ वेळा | आरईआरए धरलेले नाहीत |
| सगळ्यात लांब थांबा | ५४ सेकंद | |
| एएचआय | तासाला ३१.५ | झोपेच्या वेळेने |
| ऑक्सिजनचे डिप | १५१, तासाला २९ | ३ टक्के, झोपेच्या वेळेने |
| सगळ्यात कमी ऑक्सिजन | ७४ टक्के | ग्राफमध्ये खरा डिप दिसतो |
| ९० च्या खाली वेळ | ४१.५ मिनिटं | |
| ग्रेड | तीव्र | एएचआय ३० च्या वर |

पहिल्या ओळीतलं "सीपॅप न लावता" हे मुद्दाम आहे. सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. कधीकधी अर्धी रात्र नुसती टेस्ट आणि उरलेली रात्र सीपॅप लावून प्रेशर ठरवणं असं एकाच रात्री करतात. अशा रिपोर्टमध्ये तीन कॉलम येतात, पहिला भाग, दुसरा भाग आणि अख्खी रात्र. अख्ख्या रात्रीचा एएचआय घेतला तर सीपॅप लावल्यानंतरचे चांगले तास त्यात मिसळतात आणि आजार हलका दिसतो. तक्त्यासाठी फक्त पहिला भाग, वेळही त्याच भागाचा. तसंच घरच्या सीपॅप मशीनच्या स्क्रीनवर रोज सकाळी जो `AHI` दिसतो, २ किंवा ३ वगैरे, तो उपचार चालू असतानाचा आहे, तो या तक्त्यात कुठेच बसत नाही.

पडताळणी

आता तुमच्या सूत्राने आलेला एएचआय आणि रिपोर्टवर छापलेला एएचआय शेजारी ठेवा. दशांशाचा थोडा फरक चालेल. एक-दोनपेक्षा जास्त फरक असेल तर वर सांगितलेल्यापैकीच काहीतरी आहे: भलत्या वेळेने भागलंय, आरईआरए मिसळलेत, की अख्ख्या रात्रीचा कॉलम उचललाय. यातलं काहीच नसेल तर पीडीएफमधून कॉपी करताना दशांश चिन्ह गळालंय का बघा, 31.5 चं 315 होणं फार कॉमन आहे, विशेषतः स्कॅन केलेल्या फाईलमध्ये. मी तर स्कॅन असेल तर कॉपीच्या भानगडीत पडत नाही, पंधराच आकडे आहेत, हाताने टाइप करतो आणि घरातल्या कोणालातरी मूळ कागदावरून मोठ्याने वाचायला लावतो. दोन्ही बाजूंनी सगळं बरोबर असूनही फरक राहिला तर छापील आकडा तक्त्यात ठेवा आणि आपलं गणित खाली एका ओळीत लिहून लॅबला विचारा.

पाठवण्याआधी नाव, फोन, पेशंट नंबर बघा. डॉक्टरांना द्यायच्या कॉपीवर नाव हवंच, पण फॅमिली ग्रुपवर टाकायची असेल तर वय आणि टेस्टची तारीख पुरे. तक्त्याखाली "मूळ रिपोर्टवरून उतरवलेला, घरी केलेला तक्ता" असं लिहा आणि मूळ पीडीएफ त्याच मेसेजमध्ये जोडा, कारण भूलतज्ज्ञाला तक्ता बघून जो प्रश्न पडेल त्याचं उत्तर त्या आठ पानांतच असतं. पाठीवर झोपल्यावरचा एएचआय वेगळा दिलेला असेल तर तेवढी एक ओळ जास्तीची घाला. काकांचा पाठीवर ५१.७ आणि कुशीवर १७.१ आहे, आणि डॉक्टर तो हमखास विचारतात.